एक तृतीयांश मिलिमीटरची झेप

एखादी वस्तू सेकंदाला एक मीटर वेगाने, ४५ अंशांच्या कोनात फेकली आणि हवा मध्ये आलीच नाही, तर ती साधारण दहा सेंटिमीटरवर जाऊन पडते. वस्तू केवढी आहे, कशाची आहे, याचा इथे काही संबंध नाही. वेगाचा वर्ग करा, गुरुत्व त्वरणाने भागा, झालं. अकरावीच्या पुस्तकातलं हे गणित आहे आणि त्यातून निघणारा मार्ग म्हणजे गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेला अन्वस्त, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असलेली कमान.

आता हाच वेग अळंबीच्या बीजाणूला द्या. अळंबी खरोखरच तो देते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावर किंवा गोव्यात रोयणीवर उगवणारी ओळमी पाहिली असेल, तर तिच्या छत्रीखाली देठाकडून कडेपर्यंत गेलेले पातळ पडदेही पाहिले असतील. या पडद्यांच्या दोन्ही बाजूंवर बीजाणू तयार होतात आणि तिथून ते बाहेर फेकले जातात. बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक बारीक थेंब साठतो. तो बीजाणूच्या अंगावरच्या ओल्या थराला टेकला की क्षणात त्यात मिसळून जातो आणि त्या हिसक्याने बीजाणू उडतो. हा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास असतो. दहा सेंटिमीटरचा हिशेब खरा असता, तर बीजाणू समोरच्या पडद्यावर आपटून तिथेच चिकटला असता, कारण दोन पडद्यांमधली फट जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असते. प्रत्यक्षात तो फटीच्या मध्यावर थांबतो आणि सरळ खाली पडतो. हवा त्याला किती अंतरावर थांबवते, किती वेळात थांबवते आणि तो खाली कधी पोचतो, हे सगळं कागदावर काढता येतं.

त्यासाठी हवेचा विरोध वेगाशी कसा बांधलेला आहे ते आधी ठरवावं लागतं. सर्वांत सोपा नियम असा: वेग दुप्पट, तर विरोध दुप्पट. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’च्या १६८७ सालच्या दुसऱ्या भागाची सुरुवात याच नियमाने केली. लगेच त्याने असंही बजावलं, की हे निसर्गापेक्षा गणिताच्या सोयीचं गृहीतक आहे. तोफगोळ्यांच्या बाबतीत त्याचं म्हणणं बरोबर होतं. या नियमाला खरं घर मिळालं ते १८५१ मध्ये. जॉर्ज स्टोक्सने दाखवलं, की पुरेशा लहान आणि पुरेशा संथ गोलावर हवेचा किंवा पाण्याचा विरोध नेमका वेगाच्या प्रमाणात असतो. तो गोलाच्या व्यासाच्या आणि माध्यमाच्या चिकटपणाच्याही प्रमाणात असतो. बीजाणू या वर्णनात चपखल बसतो.

आता समीकरणं. आधी आडव्या दिशेचं बघू, कारण तिथे गुरुत्वाकर्षणाचा काही हात नाही. पुढे जाणाऱ्या बीजाणूला फक्त हवा अडवते आणि ती वेगाच्या प्रमाणात अडवते. म्हणजे वेग जसा कमी होतो, तसा तो कमी होण्याचा दरही कमी होतो. अशा राशीचं एक वैशिष्ट्य असतं: ठरावीक वेळात ती ठरावीक हिश्श्याने घटते, मग सुरुवात कितीही मोठी असो. या ठरावीक वेळाला τ म्हणू. एक τ गेला की वेग मूळच्या ३७ टक्के उरतो, तीन τ गेले की ५ टक्के. सुरुवातीचा आडवा वेग u असेल, तर

vx = u · e^(−t/τ)

आणि तोवर कापलेलं अंतर

x = u · τ · (1 − e^(−t/τ))

दुसऱ्या सूत्रातला कंस पाहा. वेळ कितीही जाऊ दे, तो एकच्या पुढे जात नाही. म्हणून आडवं अंतर u गुणिले τ याच्या पलीकडे कधीच जाणार नाही. बीजाणू कड्यावरून टाकला आणि तासभर पडत राहिला, तरी स्थिर हवेत त्याला ही अदृश्य भिंत ओलांडता येत नाही. हवा नसलेल्या जगात अशी भिंत नाही. तिथे जितका वेळ उडाल, तितकं पुढे जाल.

τ चा आकडा स्टोक्सच्या नियमातून मिळतो: वस्तूची घनता गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले हवेच्या चिकटपणाची अठरापट. हिशेब सोपा राहावा म्हणून बीजाणू पाण्याच्या घनतेचा आणि १० मायक्रॉन व्यासाचा गोल धरू. खरे बीजाणू बहुधा लांबट आणि थोडे लहान असतात. आकडे घातले की τ येतो ०.३१ मिलिसेकंद. वेग सेकंदाला एक मीटर, म्हणून भिंत ०.३१ मिलिमीटरवर. पाऊण मिलिमीटरच्या फटीत बीजाणू साधारण मधोमध थांबतो. व्यास वर्गात येतो हे लक्षात घ्या. व्यास दुप्पट केला तर τ चौपट होतो, भिंत सव्वा मिलिमीटरवर जाते आणि बीजाणू समोरच्या पडद्यावर जाऊन आदळतो. बीजाणूचा आकार, थेंबाने दिलेला हिसका आणि फटीची रुंदी या तिघांचं एकमेकांशी जमलेलं असावं लागतं, ते यामुळे.

उभ्या दिशेत गुरुत्वाकर्षण येतं आणि समीकरण जरा अवघड दिसायला लागतं. इथे एक युक्ती आहे. पडणाऱ्या बीजाणूचा वेग वाढत वाढत अशा पातळीला येतो, की हवेचा विरोध आणि वजन बरोबर तुल्यबळ होतात. पुढे वेग वाढत नाही. हा अंत्य वेग. त्याला V म्हणू, आणि तो g गुणिले τ एवढा असतो. आपल्या बीजाणूसाठी तो सेकंदाला तीन मिलिमीटर. आता वेग शून्यापासून न मोजता या अंत्य वेगापासून मोजा: ‘अंत्य अवस्थेपासून आपण किती दूर आहोत’ हे विचारा. ही दुरी अगदी आडव्या वेगासारखीच घटते, दर τ ला ३७ टक्क्यांवर. गुरुत्वाकर्षण हिशेबातून जणू बाहेर पडतं. सुरुवातीचा वर जाणारा वेग w असेल, तर सुरुवातीची दुरी w + V, आणि म्हणून

vy = (w + V) · e^(−t/τ) − V

y = (w + V) · τ · (1 − e^(−t/τ)) − V · t

ही युक्ती चालते याचं कारण एकच. विरोध वेगाच्या सरळ प्रमाणात असेल, तर आडवी आणि उभी दिशा एकमेकींत नाक खुपसत नाहीत. विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे असेल तर हे सुख संपतं. मग वर जाण्याचा वेग पुढे जाण्याला अडवतो, पुढे जाण्याचा वेग पडण्याला अडवतो, आणि दोन्ही समीकरणं सुटी करता येत नाहीत.

पडद्यावरून बीजाणू आडवा सुटतो, म्हणजे w शून्य. पहिल्या एका मिलिसेकंदात, तीन τ जाईपर्यंत, त्याचा ९५ टक्के आडवा वेग संपतो आणि तो जवळपास पूर्ण ०.३ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. तेवढ्या वेळात तो खाली किती येतो? दोन मायक्रॉन. स्वतःच्या व्यासाच्या पाचव्या हिश्श्याइतका. मग तो काटकोनात वळतो आणि सेकंदाला तीन मिलिमीटर या संथ वेगाने खाली जातो. पडदा पाच मिलिमीटर खोल असेल तर वरच्या टोकाच्या बीजाणूला बाहेर पडायला पावणेदोन सेकंद लागतात. अन्वस्ताचा इथे मागमूस नाही. कागदावर काढलं तर एक आडवी रेघ आणि तिच्या टोकाला लटकलेली एक उभी रेघ एवढंच दिसतं.

कॅनडात विनिपेगला वनस्पतिशास्त्र शिकवणारे रेजिनाल्ड बुलर यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात हा मार्ग काढून दाखवला आणि बीजाणूच्या या मार्गाला ‘स्पोराबोला’ असं नाव दिलं. बीजाणूंच्या पडण्याचा वेगही त्यांनी मोजला होता. बुडाशी साठणाऱ्या त्या थेंबाला आज बुलरचा थेंब म्हणतात. गृहस्थ मोठे गमतीदार असावेत. प्रकाशापेक्षा वेगाने प्रवास करणाऱ्या आणि निघण्याच्या आदल्या रात्री परत येणाऱ्या तरुणीवरचं, सापेक्षतावादाच्या पुस्तकांत हटकून भेटणारं विनोदी कडवं यांचंच.

हे सगळं घरी पाहता येतं. बाजारातून आणलेलं, छत्री पूर्ण उघडलेलं मोठं मशरूम घ्या. देठ काढा, पडदे खाली करून छत्री पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वर वाडगा पालथा घालून रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर चॉकलेटी भुकटीच्या बारीक रेषा उमटलेल्या असतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. नीट पाहिलं तर भुकटी पडद्यांच्या खाली नसते, फटींच्या खाली असते. प्रत्येक रेष म्हणजे भिंतीपाशी थांबून सरळ खाली आलेल्या बीजाणूंचा ढीग. वाडगा मात्र हवाच. सेकंदाला तीन मिलिमीटरने पडणाऱ्या कणाला पंख्याच्या झुळकीत आपला वेग असा काही राहत नाही. वाडगा नसेल तर कागदावर नुसता डाग पडतो.

छत्री तिरकी ठेवूनही बघा. बीजाणू पडद्यापासून ०.३ मिलिमीटर दूर उभा आहे आणि त्याला पाच मिलिमीटर सरळ खाली जायचंय. पडदे बाजूला साडेतीन अंशांपेक्षा जास्त कलले, तर वरून निघालेला बीजाणू वाटेत आपल्याच पडद्यावर बसतो. बऱ्याच अळंब्यांचे पडदे खालच्या कडेला निमुळते असतात, त्यामुळे थोडी जास्त सूट मिळते. तरीही देठ वाकला की अळंबी वाढता वाढता छत्री पुन्हा आडवी करते, ते का हे या साडेतीन अंशांवरून कळावं.

आता उड्डाणकाळ आणि पल्ला. इथवर बीजाणू आडवा सोडला होता. तो वर ४५ अंशांत फेकला आणि परत त्याच पातळीला आला, तर किती वेळ उडेल? y शून्य ठेवलं की T साठी समीकरण मिळतं:

T = (1 + w/V) · τ · (1 − e^(−T/τ))

गंमत अशी की T दोन्हीकडे आहे, उजवीकडे तर घातांकात बसलाय. बेरीज-गुणाकार-लॉग वापरून तो सोडवून बाहेर काढता येत नाही. त्यासाठी गणितज्ञांनी एक खास फल ठेवलेलं आहे, लॅम्बर्ट डब्ल्यू नावाचं. अठराव्या शतकातल्या योहान लॅम्बर्टवरून ते नाव आलं. पण साध्या कॅल्क्युलेटरलाही हे काम जमतं. एक अंदाज उजवीकडे घाला, जे उत्तर येईल ते परत उजवीकडे घाला, उत्तर हलायचं थांबेपर्यंत.

करून बघू. बीजाणूऐवजी ६० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब घेऊ, बारीक फवाऱ्यात असतो तसा. त्याचा τ ११.१ मिलिसेकंद आणि अंत्य वेग सेकंदाला १०.९ सेंटिमीटर. त्याला वरच्या आणि पुढच्या दिशेने बरोबर अंत्य वेगाइतकाच वेग देऊ, म्हणजे w/V एक होईल. वेळ τ च्या पटीत मोजली तर समीकरण एवढंच उरतं: s = 2(1 − e^(−s)). हवा नसती तर s दोन आला असता, म्हणून तिथून निघू. उजवीकडे २ घातला की १.७३ मिळतं. १.७३ घातलं की १.६५, मग १.६१, १.६०, आणि शेवटी १.५९ वर गाडी थांबते. उड्डाणकाळ १७.७ मिलिसेकंद. हवेविना तो २२.२ झाला असता. पल्ला x च्या सूत्रात हाच s घालून मिळतो: ०.९६ मिलिमीटर, हवेविना २.४२. वेळेत वीस टक्के घट, पल्ल्यात साठ टक्के.

या आकडेमोडीत एक खड्डा आहे. s बरोबर शून्य हेही समीकरणाचं उत्तर आहे, कारण सुटण्याच्या क्षणीही थेंब त्याच पातळीला असतो. संगणकाला ‘मूळ शोध’ एवढंच सांगितलं तर तो कधी कधी प्रामाणिकपणे शून्य आणून देतो. हवेविनाच्या उत्तरापासून सुरुवात केली की हा प्रश्न येत नाही.

पाठ्यपुस्तकांत याला एक सोपी वाटही दिलेली असते: हवेविनाचा पल्ला गुणिले (1 − 4w/3V). विरोध किरकोळ असतो तोवर ती उत्तम चालते. w हा V च्या दहाव्या हिश्श्याइतका असेल तर ती ०.८६७ सांगते, नेमकं उत्तर ०.८८० आहे. पण आपल्या थेंबासाठी तिने पल्ला ऋण सांगितला असता, म्हणजे थेंब फेकणाऱ्याच्या पाठीमागे पडला असता! असं उत्तर आलं की समजावं, सूत्राची हद्द ओलांडली.

आता बीजाणू. ४५ अंशांत सेकंदाला एक मीटर, म्हणजे दोन्ही दिशांना ०.७१. w/V येतो २३० च्या पुढे, घातांकाची संख्या इतकी नगण्य होते की कंस सरळ एक धरता येतो. उड्डाणकाळ ७२ मिलिसेकंद, पल्ला ०.२२ मिलिमीटर. हवेविना १४४ मिलिसेकंद आणि १०२ मिलिमीटर. पल्ला साडेचारशे पटींहून जास्त आक्रसला, वेळ मात्र फक्त निम्मी झाली. पहिल्यांदा हे आकडे पाहिले की वाटतं, कुठेतरी शून्य चुकलंय.

चुकलेलं नाही, आणि का नाही ते एका ओळीत दाखवता येतं. विरोध वेगाच्या प्रमाणात आहे. उभ्या दिशेत बीजाणू जितका वर गेला तितकाच खाली आला. त्यामुळे वर जाताना हवेने त्याच्याकडून जेवढा संवेग काढून घेतला, तेवढाच खाली येताना उलट दिशेने दिला. हवेचं देणं-घेणं फिटलं. उभ्या वेगातला एकूण बदल मग एकट्या गुरुत्वाकर्षणाने केलेला असणार, म्हणून उड्डाणकाळ बरोबर (वर जातानाचा वेग + खाली टेकतानाचा वेग) भागिले g. हवा नसेल तर टेकतानाचा वेग मूळ वेगाइतका, म्हणून दुप्पट. हवा कितीही घट्ट असो, टेकतानाचा वेग शून्याखाली जात नाही, म्हणून उड्डाणकाळ निम्म्याखाली जाऊ शकत नाही. या नियमाखाली उडणाऱ्या प्रत्येक वस्तूचा उड्डाणकाळ या दोन टोकांच्या मध्येच सापडतो. आडव्या दिशेला परतीचा प्रवास नसतो, तिथे हवा घेतलेलं परत देत नाही, आणि पल्ल्याला असा कुठलाही आधार उरत नाही. बीजाणूचा बहुतेक वेळ खाली येण्यातच जातो: वर जायला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत, तेच ०.२ मिलिमीटर उतरायला सत्तर.

४५ अंशांचा जुना सल्लाही इथे मोडीत निघतो. पल्ला जवळपास u गुणिले τ एवढाच असेल, तर वर फेकण्यात वेग दवडायचा कशाला? एका अंशाने वर नेम धरला तरी बीजाणूला उतरायला पुरेसा वेळ मिळतो आणि पल्ला भिंतीच्या अगदी जवळ, ०.३१ मिलिमीटर, म्हणजे ४५ अंशांच्या जवळजवळ दीडपट होतो.

हा नियम कुठे चालतो आणि कुठे नाही, हे आधीच कसं ओळखायचं? त्यासाठी रेनॉल्ड्स अंक काढतात: हवेची घनता, वेग आणि व्यास यांचा गुणाकार, भागिले चिकटपणा. तो एकाहून बराच कमी असेल तर स्टोक्सवर निर्धास्त विसंबावं. बीजाणू सुटतो त्या क्षणी हा अंक ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे तेव्हा खरा विरोध आपल्या सूत्रापेक्षा दहाएक टक्के जास्त असतो आणि भिंत किंचित अलीकडे सरकते. एका τ नंतर ही चूकही विरते.

क्रिकेटच्या चेंडूचं मात्र वेगळं. सेकंदाला ३० मीटर वेगाच्या चेंडूसाठी हा अंक १ लाख ४० हजारांच्या घरात जातो. तरीही हट्टाने स्टोक्सचा नियम लावला तर चेंडूचा τ साडेतीन तासांहून जास्त येतो, म्हणजे हवा चेंडूला जवळपास शिवतही नाही असं उत्तर मिळतं. प्रत्यक्षात त्या वेगाला हवेचा विरोध सुमारे एक न्यूटन असतो, चेंडूच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त, आणि स्टोक्सच्या आकड्याच्या अडीच हजार पटींहून अधिक. चेंडूमागे हवेचे भोवरे सुटतात आणि विरोध वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. तिथे समीकरणं सुटी होत नाहीत. मार्ग संगणकावर लहान लहान पावलांनी मोजावा लागतो. वेगाच्या प्रमाणातल्या विरोधाचं उदाहरण म्हणून पुस्तकं चेंडूच फेकत राहतात, ते सोयीखातर. त्या सूत्रांनी खरोखर उडणारी वस्तू पाहायची तर छत्री पालथी घालून कागदावरची भुकटी बघावी.